एक्स-रे नॉर्मल, खुबा मात्र दुखतोच

लेखमाला : शरीराच्या आत पाहताना (लेखांक ७)

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यांत वैनगंगेच्या दोन्ही काठांवरून रुग्ण येतात. अलीकडून नागभीड-सिंदेवाहीचे, पलीकडून वडसा-आरमोरीचे. धानाची रोवणी आटोपली की कंबर, गुडघे आणि खुबे धरून येणाऱ्यांची संख्या वाढते, आणि त्यांतल्या बहुतेकांना खरोखरच कष्टाने आलेले दुखणे असते. पण या झाडीपट्टीत हाडांच्या दुखण्यामागे आणखी एक कारण दडलेले असू शकते. ते लक्षात घेतले नाही, तर कोणती तपासणी करायची हे ठरवण्यातच चूक होते. ते कारण म्हणजे सिकलसेल.

नागपूरच्या शुक्ल आणि सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८०च्या दशकात या आजाराचा जिल्ह्यातला प्रसार तपासला. २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. रक्तक्षय, कावीळ आणि अंगदुखीचे झटके यांबद्दल गावोगावी आता बोलले जाते. हाडांबद्दल मात्र त्या मानाने फारच कमी.

विळ्याच्या आकाराच्या ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाचे वरचे टोक, म्हणजे खुब्याच्या वाटीत फिरणारा गोळा, मोजक्याच वाहिन्यांवर जगतो. त्या तुंबल्या की गोळ्याचा काही भाग रक्ताविना मरतो. याला ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात. ऑर्थोपेडिकचे डॉक्टर थोडक्यात 'एव्हीएन' म्हणतात.

या लेखापुरता एक रुग्ण कल्पून पाहू. वय २४, सिकलसेलचा एसएस रुग्ण, स्वतःच्या बांधीत राबणारा. तीन महिन्यांपासून उजवा गुडघा दुखतो म्हणून येतो. गुडघ्याचा एक्स-रे काढला जातो, तो स्वच्छ असतो, गोळ्या मिळतात. दुखणे जात नाही. नंतर कुणीतरी त्याला टेबलावर झोपवून गुडघा वाकवतात आणि पाय आतल्या बाजूला फिरवतात, तेव्हा जांघेत कळ उठते आणि पाय पूर्ण वळत नाही. गुडघा निर्दोष असतो. खुब्याची वेदना गुडघ्यात जाणवते, कारण दोन्ही सांध्यांना एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात. तपासणी निवडताना पहिली चूक होते ती यंत्राची नव्हे, जागेची. हाताने खुबा तपासायला दोन मिनिटे लागतात आणि त्यासाठी कोणतीही फिल्म लागत नाही.

आता खुब्याचा एक्स-रे. तो दोन्ही खुब्यांचा एकत्र हवा. शिवाय पाय बाजूला पसरून घेतलेला 'फ्रॉग लॅटरल' हवा, कारण गोळ्याचा पुढचा-वरचा भाग, जो आधी दबतो, तो समोरून घेतलेल्या चित्रात झाकला जातो. आपल्या रुग्णाचे दोन्ही एक्स-रे नॉर्मल येतात. इथे थांबायचे नसते. एक्स-रेला कॅल्शियम दिसते, पेशी दिसत नाहीत. हाडातल्या पेशी मेल्या तरी कॅल्शियमचा सांगाडा आहे तसाच उभा राहतो, म्हणून मेलेले हाड सुरुवातीला जिवंत हाडासारखेच दिसते. काही महिन्यांनी शरीर डागडुजी करू लागते, तेव्हा कुठे पांढुरके आणि काळपट पट्टे उमटतात. त्यानंतर कूर्चेखाली चंद्रकोरीसारखी काळी रेघ दिसली, तर गोळ्याचे कवच आतून तडकले आहे असे समजावे. ही रेघ दिसेपर्यंत वाट पाहिली, तर गोळा वाचवण्याची संधी बहुतेक वेळा हातातून गेलेली असते.

मग एक्स-रे काढायचाच कशाला? कारण तो स्वस्त आहे, जवळ आहे, आणि फ्रॅक्चर, गाठ, संधिवात किंवा आधीच चपटा झालेला गोळा लगेच दाखवतो. गोळा चपटा दिसला, तर निदानासाठी पुढे एमआरआयची गरज उरत नाही. आणि पाठीच्या मणक्यांच्या एक्स-रेमध्ये मधोमध खचलेले, इंग्रजी एच अक्षरासारखे दिसणारे मणके आढळले, तर ज्याला आपल्याला सिकलसेल आहे हे ठाऊकच नाही, अशा माणसाचा आजारही त्यातून उघड होऊ शकतो.

नॉर्मल एक्स-रे आणि न थांबणारी जांघेतली कळ, या जोडीला उत्तर एमआरआय देतो. हाडाच्या आतल्या मगजातली चरबी आणि पाणी यांचे चित्र तो काढतो आणि हा आजार तिथेच सुरू होतो. चरबी उजळ दाखवणाऱ्या चित्रात मेलेल्या भागाभोवती काळी, वेडीवाकडी रेघ दिसते. पाणी उजळ दाखवणाऱ्या चित्रात तिच्या आतून दुसरी पांढरी रेघ धावते. ही दुहेरी रेघ एव्हीएनची जवळजवळ सहीच असते. साधारण अर्ध्या तासाचे काम, आणि या प्रश्नासाठी बहुधा शिरेतून औषध देण्याची गरज नसते. रिपोर्टमध्ये आणखी दोन गोष्टी शोधाव्यात : गोळ्याचा किती भाग बाधित आहे, आणि दुसऱ्या बाजूचा खुबा कसा आहे. बाधित भाग १५ टक्क्यांच्या आत असेल तर गोळा टिकण्याची शक्यता बरी असते. ३० टक्क्यांच्या पुढे गेला की दबण्याचा धोका मोठा. आपल्या रुग्णाचा उजवा गोळा एक तृतीयांश बाधित निघतो, आणि अजिबात न दुखणाऱ्या डाव्या गोळ्यातही एक लहान डाग सापडतो.

यानंतर सीटी स्कॅनचा प्रश्न येतो. तो मगज पाहण्यासाठी नसतो, तर कवच तडकले आहे का, हे पाहण्यासाठी असतो. इतकी बारीक चीर एमआरआयमध्ये कधी कधी सुटते. सीटी पातळ काप काढून ती दाखवतो. ही चीर असेल तर शस्त्रक्रियेचा बेत बदलतो, म्हणून शस्त्रक्रियेचा विचार चाललेला असतानाच तो काढावा. सुरुवातीच्या निदानासाठी सीटी मागवणे म्हणजे किरणोत्सर्ग सोसून हवे ते न मिळवणे. पण झाडावरून पडून खुब्याची वाटी मोडली असेल, तर तिथे सीटीइतके उपयोगी काही नाही.

बोन स्कॅनसाठी इथल्या रुग्णाला बहुधा नागपूर गाठावे लागते. त्यात टेक्निशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात आणि साधारण तीन तासांनी चित्रे घेतात. त्याचा अर्धायुकाल सहा तासांचा असल्याने ते दुरून आणून साठवता येत नाही. जनरेटरमधून रोज ताजे काढावे लागते. हाड जिथे नव्याने घडत असते, तिथे ते जास्त साठते. रक्त नुकतेच तुटलेल्या भागात ते पोहोचतच नाही, म्हणून तो भाग फिका दिसतो. नंतर डागडुजी सुरू झाली की तोच भाग ठळक होतो. या दोन टप्प्यांच्या मधल्या काळात चित्र फसवे दिसू शकते, आणि दोन्ही खुबे आजारी असतील तर तुलनेला निरोगी बाजूच उरत नाही. एकाच वेळी अंगातल्या अनेक हाडांचा आढावा हवा असेल, किंवा शरीरातल्या एखाद्या उपकरणामुळे एमआरआय करता येत नसेल, तेव्हाच तो कामाचा.

राहिली सोनोग्राफी. ध्वनिलहरी हाडाच्या पृष्ठभागावरूनच परततात, त्यामुळे एव्हीएनमध्ये तिचा फारसा उपयोग नाही. मात्र सिकलसेलच्या लहान मुलांत कधी कधी तीच सर्वांत मोलाची ठरते.

सात वर्षांचे मूल, ताप, नडगी सुजलेली, हात लावू देत नाही. रक्त अडकून हाडाचा तुकडा मेला आहे की हाडात पू झाला आहे? सिकलसेलमध्ये पहिली शक्यता कितीतरी पटींनी जास्त असते, पण दुसरी चुकली तर हाड सडते. दोन्हींत ताप येतो आणि दोन्हींत पांढऱ्या पेशी वाढतात. एक्स-रे पहिले दहा-चौदा दिवस दोन्हींत गप्प असतो. एमआरआयमध्ये मगजात पाणी आणि हाडाभोवती द्रव, हेही दोन्हींत दिसते. म्हणून पहिल्या काही तासांत सोनोग्राफीचा प्रोब नडगीवर ठेवून हाडाच्या आवरणाखाली द्रव किती साठला आहे, ते मोजतात. थर चार मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर पूचा संशय वाढतो. सर्वांत मोठा फायदा असा की त्याच वेळी पडद्यावर पाहत सुई टाकून द्रव काढता येतो आणि कल्चरला पाठवता येतो. सिकलसेलमध्ये असा पू अनेकदा साल्मोनेलामुळे होतो, म्हणून नेहमीची औषधे पुरतीलच असे नाही. मूल फार आजारी असेल तर रक्ताचे कल्चर घेऊन अँटिबायोटिक लगेच सुरू करावे. एमआरआयच्या तारखेची वाट पाहू नये.

इथे एक काळजी आवर्जून सांगायला हवी. लहान मुलाला एमआरआयसाठी गुंगी द्यायची म्हणून उपाशी ठेवतात आणि वर शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास घडतो. सिकलसेलच्या मुलात पाणी कमी पडले की पेशी आणखी अडकतात. सलाईन लावूनच त्याला पाठवावे आणि गुंगीत ऑक्सिजनवर लक्ष ठेवावे.

पाचही तपासण्या शेजारी मांडल्या तर असे दिसते. किरणोत्सर्गाचे आकडे अंदाजे आहेत. माणसाला निसर्गातून वर्षाला जगभर सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात.

| तपासणी | काय दिसते | सिकलसेलच्या हाडात कधी | कुठे फसवते | किरणोत्सर्ग |
|---|---|---|---|---|
| एक्स-रे | कॅल्शियम, आकार | नेहमी पहिली. पुढे दबण्यावर लक्ष ठेवायला | पहिले काही महिने नॉर्मल | १ मिलिसिव्हर्टच्या आत |
| सोनोग्राफी | द्रव, सूज, आवरण | मुलांत पूचा संशय. सुईला दिशा | हाडाच्या आत पाहता येत नाही | नाही |
| सीटी | कवच, बारीक चीर | शस्त्रक्रियेआधी; गुंतागुंतीचे फ्रॅक्चर | मगजाचा सुरुवातीचा आजार | सुमारे ६ ते १० |
| एमआरआय | मगज, कूर्चा, स्नायू | एक्स-रे नॉर्मल पण कळ कायम | पू आणि मृत हाड सारखे दिसू शकते | नाही |
| बोन स्कॅन | हाड घडण्याचा वेग | अनेक हाडे. एमआरआय शक्य नसेल तर | दोन्ही बाजू आजारी असल्यास. मधला टप्पा | सुमारे ४ ते ६ |

तपासणीच्या चिठ्ठीवर नुसते 'एमआरआय हिप' लिहून भागत नाही. सिकलसेल आहे, कळ किती दिवसांची आहे, ताप आहे का आणि दोन्ही खुबे पाहायचे आहेत, हे लिहिले तर रेडिओलॉजिस्टला काय शोधायचे ते कळते. हे न लिहिल्यामुळे डाव्या खुब्यातला मुका डाग नजरेतून सुटू शकतो.

आपल्या रुग्णाच्या सीटीत चीर सापडत नाही. म्हणजे गोळा अजून गोल आहे आणि दोन वाटा मोकळ्या आहेत. गोळ्यात छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे कोअर डीकॉम्प्रेशन, बरीच केली जाते. मात्र सिकलसेलच्या ४६ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सरासरी तीन वर्षांनंतर, शस्त्रक्रियेसह फिजिओथेरपी केलेले आणि नुसती फिजिओथेरपी केलेले रुग्ण यांच्यात ठळक फरक आढळला नाही. रुग्णसंख्या लहान होती, त्यामुळे तो अंतिम निकाल मानता येत नाही. पण शस्त्रक्रियेची घाई करण्याआधी ऑर्थोपेडिक सर्जनबरोबर चर्चा करायला तो पुरेसा आहे. तोवर काठीचा आधार, खुब्याभोवतीच्या स्नायूंचे व्यायाम, हायड्रॉक्सीयुरियाबद्दल वैद्यकीय तज्ज्ञाचा सल्ला, आणि दर तीन ते सहा महिन्यांनी दोन्ही खुब्यांचे त्याच दोन कोनांतले एक्स-रे, जुन्या फिल्म शेजारी ठेवून पाहिलेले. कळ अचानक वाढली किंवा पाय आखूड वाटू लागला तर ठरलेल्या तारखेआधीच यावे, असे त्याच्या कागदावर लिहून द्यावे.