दुबार नोंदी काढताना

मुलांच्या जुलाबावर झिंक दिल्याने कितपत फायदा होतो, याचा आढावा घ्यायचा आहे. एकाच डेटाबेसमध्ये शोधून भागत नाही, म्हणून तीन ठिकाणी शोधले. समजा पबमेडमध्ये ४००, एम्बेसमध्ये ६५० आणि कॉक्रेनच्या सेंट्रलमध्ये २५० नोंदी सापडल्या. एकूण १,३००. पण लेख मात्र इतके नाहीत. एम्बेसमध्ये मेडलाइनच्या नोंदीही असतात आणि सेंट्रलमधल्या बऱ्याच नोंदी पबमेड व एम्बेसमधूनच आलेल्या असतात.

तिन्ही फायली झोटेरो किंवा एंडनोटसारख्या प्रणालीत एकत्र करण्याआधी प्रत्येकीचा आकडा लिहून ठेवावा आणि मूळ फायलींची प्रत बाजूला ठेवावी. मग पहिली चाळणी डीओआय क्रमांकाची. ती सोपी असते, पण जुन्या लेखांना हा क्रमांक बहुधा नसतो. त्यासाठी शीर्षक, वर्ष आणि पहिला लेखक जुळवून पाहावा लागतो. इथे संगणक चकतो, कारण एकाच नियतकालिकाचे नाव एकीकडे `Indian Pediatr` तर दुसरीकडे `Indian Pediatrics` असते. पाने एकीकडे `123-9` तर दुसरीकडे `123-129`. इंग्रजीखेरीज इतर भाषांतल्या लेखांची भाषांतरित शीर्षके पबमेड चौकटी कंसात देते, त्यामुळे अकारविल्हे यादीत त्यांची जोडी भलतीकडेच जाऊन बसते.

उलट चूक जास्त घातक आहे. मतदार यादीत एकाच नावाची दोन माणसे असतात, तसे परिषदेतला गोषवारा आणि नंतरचा पूर्ण लेख यांचे शीर्षक व लेखक तंतोतंत तेच असू शकतात. गोषवारा पानभराचाही नसतो, वर्ष वेगळे असते. ‘दुबार’ म्हणून पूर्ण लेखच उडाला, तर तो पुढे कोणाच्याच नजरेस पडत नाही. दुबार नोंद राहून गेली, तर फार तर वाचणाऱ्याचे एक मिनिट जाते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: शंका असेल तर नोंद ठेवावी आणि संशयित जोड्या माणसानेच डोळ्यांखालून घालाव्यात.

एकाच प्रयोगावरचे दोन वेगळे लेख मात्र या टप्प्यावर काढायचे नाहीत. ते नंतर, लेख पूर्ण वाचून एका प्रयोगाखाली जोडायचे. ते न जोडल्यास काय होते, हे १९९७ साली ट्रामेर आणि सहकाऱ्यांनी ‘बीएमजे’त दाखवले. ऑन्डॅन्सेट्रॉन या उलटीवरच्या औषधाच्या चाचण्यांतली तीच माहिती पुन्हा मोजली गेल्याने औषधाचा परिणाम २३ टक्के फुगलेला दिसत होता.

आपल्या उदाहरणात ४८० दुबार नोंदी निघाल्या, तर चाळणीला ८२० उरतात. प्रिझ्मा २०२० या मार्गदर्शक आराखड्याच्या आकृतीत हे आकडे चाळणीच्या आधीच्या चौकटींत लिहायचे असतात. एखादा आढावा वाचताना ती आकृती आधी पाहा. दुबार नोंदी किती काढल्या हे तिथे नसेल, तर लेखकांना ते जरूर विचारा.