वर चढणाऱ्या लिफ्टमध्ये सोडलेला चेंडू

लिफ्ट वर निघाली की पहिला सेकंद-दोन सेकंद पाय तळाशी दाबले जातात आणि अंग जड वाटते. मग तो दाब ओसरतो. लिफ्ट वर जातच असते, पण ती हलते आहे हेही फारसे जाणवत नाही. सुरुवातीच्या टप्प्यात लिफ्टचा वेग वाढत असतो, म्हणजे तिला वरच्या दिशेने त्वरण असते. नंतर वेग एकसारखा होतो आणि त्वरण शून्यावर येते. अंग जड वाटते त्याच टप्प्यात हातातला चेंडू सोडला, तर तो लिफ्टच्या तळाशी पोहोचायला किती वेळ लागेल? अकरावीच्या भौतिकशास्त्रात हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर एका ओळीत मावते, पण त्या ओळीमागचे कारण नीट कळले नाही तर पाठ केलेले सूत्रही ऐनवेळी चुकते.

हिशेबासाठी एक ठरावीक उदाहरण घेऊ. लिफ्टचे त्वरण १.२ मी/से² आहे, म्हणजे तिचा वेग दर सेकंदाला १.२ मी/से इतका वाढतो. चेंडू तळापासून दीड मीटर उंचीवर धरलेला आहे. बोटे उघडली त्या क्षणी लिफ्टचा वर जाण्याचा वेग २ मी/से आहे.

त्या क्षणाकडे जरा जवळून पाहिले पाहिजे, कारण सगळा प्रश्न तिथेच सुटतो. बोटे मिटलेली असेपर्यंत दोरखंड लिफ्टला वर ओढतात, लिफ्टचा तळ माणसाला वर ढकलतो आणि माणसाचा हात चेंडूला. त्यामुळे चेंडूचा वेगही लिफ्टबरोबर वाढत जातो. बोटे उघडली की ही साखळी तुटते. आता चेंडूला वर ढकलणारे काहीच उरत नाही. त्याच्यावर फक्त पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण असते आणि त्याचे त्वरण खालच्या दिशेने ९.८ मी/से² होते. मात्र सोडण्याच्या क्षणी अंगी असलेला २ मी/से हा वरचा वेग त्याच्याकडे राहतो. वेग एका क्षणात नाहीसा होत नाही, त्वरण मात्र बल संपले की त्याच क्षणी संपते. सुटलेला चेंडू लिफ्टचा वेग सोबत घेऊन जातो, लिफ्टचे त्वरण घेऊन जात नाही.

आता इमारतीत स्थिर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेने हिशेब मांडू. समजा, लिफ्टच्या भिंती काचेच्या आहेत आणि त्याला आतले सगळे दिसते आहे. चेंडू सुटला त्या क्षणी लिफ्टचा तळ जिथे होता तिथून उंची मोजायची आणि वरची दिशा धन धरायची. t सेकंदांनंतर दोघांची उंची अशी असेल:

चेंडू: 1.5 + 2t − 4.9t²
तळ: 2t + 0.6t²

चेंडू तळाला टेकतो तेव्हा दोन्ही उंची सारख्या होतात. समीकरण मांडताच दोन्ही बाजूंचे 2t एकमेकांना खाऊन टाकतात आणि 1.5 = 5.5t² एवढेच उरते. त्यावरून t सुमारे ०.५२ सेकंद येतो. लिफ्ट थांबलेली असती, तर त्याच दीड मीटरला सुमारे ०.५५ सेकंद लागले असते. म्हणजे चेंडू ०.०३ सेकंद लवकर पोहोचला.

बाहेरच्या माणसाला या अर्ध्या सेकंदात काय दिसते, ते मोठे रंजक आहे. चेंडू सुटल्यावर लगेच खाली येत नाही. त्याच्याकडे वरचा वेग असल्यामुळे तो आधी सुमारे २० सेंटिमीटर वर जातो, क्षणभर थांबतो आणि मग उतरू लागतो. तोपर्यंत तळ वेग वाढवत त्याच्याकडे येत असतो. दोघांची गाठ पडते तेव्हा चेंडू सुटलेल्या जागेपासून केवळ २९ सेंटिमीटर खाली आलेला असतो आणि तळ १ मीटर २१ सेंटिमीटर वर चढलेला असतो. दोन्ही मिळून बरोबर दीड मीटर. आतला माणूस म्हणतो, चेंडू दीड मीटर खाली पडला. बाहेरचा म्हणतो, बहुतेक अंतर तळानेच कापले. दोघेही खरेच सांगत असतात आणि दोघांच्या घड्याळात वेळ तीच असते.

चेंडू सुटला तेव्हा लिफ्टचा वेग ३ मी/से असता, तर चेंडू आणि तळ सुटलेल्या जागेच्याही वर, सुमारे २३ सेंटिमीटरवर भेटले असते. वेळ मात्र तीच, ०.५२ सेकंद. लिफ्ट किती वेगाने जाते आहे याचा उत्तराशी संबंधच नाही. समीकरणातून 2t निघून गेले त्याचा अर्थ हाच. चीनमधील शांघाय टॉवरच्या लिफ्टचा कमाल वेग सेकंदाला २०.५ मीटर आहे. ती त्या वेगाने एकसारखी जात असताना आत चेंडू सोडला, तर तो तळाला टेकेपर्यंत लिफ्ट ११ मीटरहून जास्त वर गेलेली असेल. तरीही वेळ लागेल तो ०.५५ सेकंदच, थांबलेल्या लिफ्टमध्ये लागतो तेवढा. फरक वेगामुळे नव्हे, वेग बदलण्यामुळे पडतो.

हीच गोष्ट लिफ्टच्या आतून पाहिली की हिशेब आणखी आटोपशीर होतो. आतल्या माणसाच्या दृष्टीने लिफ्ट स्थिर आहे आणि चेंडू विरामावस्थेतून सुटला आहे. पण तो ९.८ ऐवजी ११ मी/से² त्वरणाने खाली येताना दिसतो, कारण चेंडूचे खालचे त्वरण आणि तळाचे वरचे त्वरण यांची बेरीज होते. सूत्र असे:

t = √(2h / (g + a))

इथे h म्हणजे तळापासूनची उंची, g म्हणजे गुरुत्वत्वरण आणि a म्हणजे लिफ्टचे वरच्या दिशेचे त्वरण. या वाढीव त्वरणाचा अनुभव केवळ चेंडूपुरता नसतो. ५० किलो वजनाचा माणूस त्या वेळी वजनकाट्यावर उभा असेल, तर काटा ५६ किलो दाखवेल. अंग जड वाटते ते यामुळेच. बंद लिफ्टमधल्या माणसाला चेंडू टाकून किंवा काट्यावर उभे राहून हे ठरवता येणार नाही, की लिफ्ट वर त्वरित होते आहे की गुरुत्वाकर्षणच वाढले आहे. आइन्स्टाइन १९०७ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरीला होते. या दोन स्थितींत फरक करता येत नाही, हा विचार त्यांनी त्या वर्षी मांडला आणि सामान्य सापेक्षता सिद्धांताची वाट तिथून सुरू झाली.

विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी चूक होते ती दोन नजरा एकत्र मिसळल्यामुळे. तळाची गती इमारतीतून मोजायची आणि चेंडू मात्र आतल्या माणसाप्रमाणे शून्य वेगाने सुटला असे धरायचे, असा घोटाळा होतो. वरच्या उदाहरणात तसे केले तर उत्तर ०.३७ सेकंद येते आणि ते साफ चूक आहे. ही चूक पकडायला एक सोपी कसोटी आहे. समीकरणात लिफ्टचे त्वरण शून्य ठेवून पाहावे. मग उत्तर थांबलेल्या लिफ्टइतकेच आले पाहिजे, वेग कितीही असो. चुकीच्या मांडणीत ते वेगाप्रमाणे बदलत राहते आणि तिथेच ती उघडी पडते.

दुसरी चूक चिन्हाची. g + a लिहायचे की g − a, हे लिफ्ट कुठे चालली आहे यावरून ठरत नाही, तिचे त्वरण कोणत्या दिशेला आहे यावरून ठरते. वर जाणारी लिफ्ट मजला जवळ आल्यावर मंदावते तेव्हा तिचे त्वरण खालच्या दिशेला असते. मंदावण्याचा दर तेवढाच, १.२ मी/से² असेल, तर g मधून तो वजा होतो आणि चेंडूला सुमारे ०.५९ सेकंद लागतात. एकाच लिफ्टच्या एकाच चढाईत, त्याच उंचीवरून सोडलेल्या चेंडूला सुरुवातीला ०.५२, मध्ये ०.५५ आणि शेवटी ०.५९ सेकंद अशा तीन वेगवेगळ्या वेळा लागतात. खालच्या दिशेचे त्वरण वाढत वाढत g इतके झाले, तर सूत्रातला छेद शून्य होतो. त्याचा अर्थ लिफ्ट आणि चेंडू एकत्रच पडत आहेत आणि चेंडू तळाशी कधीच पोहोचत नाही, सोडला तिथेच आतल्या आत तरंगत राहतो.

प्रत्यक्षात हे मोजायचे तर अडचण फरकाच्या आकाराची आहे. त्वरण १२ टक्क्यांनी वाढले तरी सूत्रात वर्गमूळ असल्यामुळे वेळ जेमतेम ६ टक्क्यांनी घटते. ०.०३ सेकंद हा फरक स्टॉपवॉचवरच्या बोटाला पकडता येणार नाही. हातही दगा देतो. सोडताना चेंडूला खाली सेकंदाला २० सेंटिमीटर इतका किंचित झटका बसला, तरी वेळ ०.०२ सेकंदाने कमी होते, म्हणजे जो फरक मोजायचा त्याच्या निम्म्याहून अधिक चूक हातामुळेच होते. हवेचा विरोध त्या मानाने किरकोळ आहे. लिफ्टमधली हवा लिफ्टबरोबरच चालते, आणि क्रिकेटच्या चेंडूवर तळाशी पोहोचतानाही हवेचा रोध त्याच्या वजनाच्या दोन-अडीच टक्क्यांइतकाच असतो. प्लॅस्टिकचा पोकळ चेंडू घेतला तर मात्र हा हिशेब बिघडतो.

खऱ्या लिफ्टचे त्वरणही एकसारखे नसते. प्रवाशांना हिसका बसू नये म्हणून ते हळूहळू चढते, थोडा वेळ टिकते आणि हळूहळू उतरते. कमाल वेग १.५ मी/से असलेली लिफ्ट १.२ मी/से² त्वरणाने जेमतेम सव्वा सेकंदात तो वेग गाठते. चेंडू उशिरा सोडला तर तो वाटेत असतानाच त्वरण संपते आणि वेळ ०.५२ व ०.५५ च्या मध्ये कुठेतरी येते. यासाठी त्वरणमापक असलेला मोबाइल तळावर ठेवावा. लिफ्ट थांबलेली असताना तो ९.८ च्या आसपास आकडा दाखवतो. निघाल्यावर आकडा वाढून स्थिरावला की त्याच वेळी चेंडू सोडावा, आणि सूत्रात g + a च्या जागी तोच आकडा घालावा. इमारतींमधल्या बऱ्याच लिफ्टचे त्वरण १.२ पेक्षा कमी असते, तेव्हा फरक याहूनही लहान येईल.

चित्रीकरणासाठी दुसरा मोबाइल आतल्या भिंतीला पक्का टेकवून ठेवावा. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या साध्या चित्रीकरणात दोन चित्रांमधले अंतरच ०.०३३ सेकंद असते, त्यामुळे हा फरक त्यात हरवून जातो. सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या स्लो मोशनमध्ये मात्र तो मोजता येतो. आपल्या उदाहरणातला चेंडू थांबलेल्या लिफ्टमध्ये तळाशी यायला सुमारे १३३ चित्रे घेतो आणि वर त्वरित होणाऱ्या लिफ्टमध्ये सुमारे १२५.