गच्चीवरच्या रिपीटरसाठी सोसायटीला पत्र लिहिताना

घरात मोबाइलला रेंज नाही, गच्चीवर गेलं की फोन नीट लागतो. अशा घरात राहणारा भाडेकरू कंटाळून कमिटीला पत्र लिहायला बसतो. त्या पत्रात ‘ऑनलाइन मागवलेला सिग्नल रिपीटर मी स्वखर्चाने गच्चीवर बसवतो’ असं वाक्य येणार असेल, तर हात तिथंच थांबवावा. ही परवानगी देणं कमिटीच्या हातात नाहीच.

मोबाइलच्या फ्रीक्वेन्सी वापरायचा हक्क सरकारने परवानाधारक कंपन्यांना दिलेला आहे आणि रिपीटर त्याच फ्रीक्वेन्सीवर पुन्हा प्रक्षेपण करतो. म्हणून कंपनीखेरीज इतर कुणी असं यंत्र बाळगणं, विकणं किंवा वापरणं बेकायदा असल्याचं दूरसंचार विभागाने 2022 मध्ये जाहीरपणे बजावलं. बाजारात ते सहज मिळतं, म्हणून ते चालतं असं नाही.

या नियमामागे ठोस कारण आहे. रिपीटरला दोन अँटेना असतात. बाहेरची टॉवरशी बोलते, आतली घरातल्या फोनशी, आणि मधला अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही दिशांचा सिग्नल वाढवतो. ही वाढ 70 डेसिबल असेल, तर सिग्नलची ताकद एक कोटी पट होते. आतल्या अँटेनाचा सिग्नल झिरपून बाहेरच्या अँटेनात शिरला, तर माइक लाउडस्पीकरसमोर धरल्यावर जशी शिटी वाजते, तसं चक्र सुरू होतं. दोन अँटेनांमध्ये पुरेसं अंतर किंवा काँक्रीटचा आडोसा नसला की हे हमखास घडतं. मग टॉवरच्या कानाशी सतत गोंगाट होतो आणि दूरच्या फोनचा क्षीण आवाज त्याला ऐकू येत नाही. शेजारपाजारच्या फोनवर दांड्या भरपूर दिसतात, तरी कॉल लागत नाहीत किंवा मध्येच तुटतात. एवढ्यावरून शंका घ्यावी.

तेव्हा पत्रात मागायचं ते यंत्र बसवायची नव्हे, तर कंपनीच्या माणसांना गच्चीवर येऊ देण्याची परवानगी. त्याआधी दोन कामं उरकावीत. एक, वाय-फाय कॉलिंग चालू करून पाहावं. घरात ब्रॉडबँड असेल तर बऱ्याचदा तेवढ्यानेच प्रश्न मिटतो. दोन, रेंज आकड्यांत मोजावी. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलची ताकद dBm मध्ये दिसते. समजा, पुण्यातल्या सात मजली इमारतीत गच्चीवर −85 आणि पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात −115 आले. फरक 30 डेसिबलचा, म्हणजे घरात सिग्नल हजार पट क्षीण. हे आकडे देऊन कंपनीकडे तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक घ्यावा. दाद मिळाली नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं.

भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो, म्हणून पत्रावर घरमालकाचीही सही हवी. मजकूर साधारण असा असावा:

“मा. सचिव यांस, स.न.वि.वि.

मी पहिल्या मजल्यावरील सदनिकेत लिव्ह अँड लायसन्स कराराने राहतो. घरात मोबाइलचा सिग्नल −115 आणि गच्चीवर −85 इतका येतो. वडील हृदयरोगी असल्याने रात्री फोन लागणे आवश्यक आहे. वाय-फाय कॉलिंग वापरतो, परंतु वीज गेली की तेही बंद पडते. कंपनीकडे तक्रार नोंदवली असून तिचा क्रमांक सोबत दिला आहे. कंपनीच्या तंत्रज्ञांस पाहणीसाठी गच्चीवर येऊ द्यावे, ही विनंती. त्यांनी रिपीटर बसवण्याचे ठरवल्यास जागा, केबलचा मार्ग व विजेची जोडणी यांचा आराखडा कंपनीच्या पत्रासह आधी आपल्यापुढे ठेवू. वॉटरप्रूफिंगला छिद्र पाडले जाणार नाही, वीज माझ्या मीटरवरून घेऊ आणि घर सोडताना यंत्र कंपनीकडून काढून घेऊ. स्वतः विकत घेतलेले कोणतेही यंत्र मी बसवणार नाही.

आपला नम्र,
(भाडेकरू व घरमालक यांच्या सह्या)”

यातलं वॉटरप्रूफिंगचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वरच्या मजल्यावरचे सभासद गळतीच्या धास्तीत असतात आणि त्यांचा विरोध बहुधा तिथूनच सुरू होतो. अँटेना पॅरापेटच्या किंवा लिफ्टरूमच्या भिंतीला क्लॅम्पने बसवता येते, आणि ती वीजरोधकाच्या टोकापेक्षा खाली राहिली पाहिजे. गच्ची सगळ्यांच्या सामायिक मालकीची असल्याने कायमस्वरूपी काही बसवायचं असेल, तर कमिटीने विषय सर्वसाधारण सभेपुढे नेणंच योग्य.

रेडिएशनचा प्रश्नही निघेल. भारतात टॉवरसाठीची मर्यादा 2012 पासून आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एकदशांश आहे, आणि जवळच्या टॉवरची माहिती ‘तरंग संचार’ या सरकारी पोर्टलवर पाहता येते. शंका घेणाऱ्या सभासदाला हे शांतपणे दाखवावं.

कमिटीच्या सदस्यांना एक आग्रहाची विनंती. असं पत्र आलं तर नुसता नकार कळवू नका. पाहणीला परवानगी द्या, आणि रिपीटर बसवायची वेळ आली तर कंपनीचं लेखी पत्र हातात पडल्याशिवाय गच्चीची किल्ली देऊ नका.