बंद संगणकाला ऐकू येतं

रात्री टेबलावरचा संगणक बंद करावा, खोलीतला दिवा मालवावा आणि कॅबिनेटच्या मागे वाकून बघावं. लॅनची केबल खोचलेली असते तिथे पुष्कळदा एक हिरवा किंवा नारिंगी ठिपका लुकलुकत असतो. पंखे थांबलेले असतात, पडदा काळा असतो, पण नेटवर्क कार्डाला थोडीशी वीज मिळतच राहते. ते जागं असतं आणि एका ठरावीक हाकेची वाट पाहत असतं.

या सोयीला ‘वेक ऑन लॅन’ म्हणतात आणि त्या हाकेला ‘मॅजिक पॅकेट’. एएमडी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी 1990च्या दशकात तिची रचना ठरवली. ती आहे अगदी साधी: आधी सहा वेळा FF, मग ज्या कार्डाला उठवायचं त्याचा मॅक पत्ता सोळा वेळा. झाले 102 बाइट. मोठ्या ऑफिसात रात्री शंभर यंत्रं एकदम जागी करायची, अपडेट घालायचे आणि पुन्हा निजवायची, यासाठी ती फार उपयोगाची.

अडचण अशी, की हाक कोणी मारली हे कार्ड विचारत नाही. मॅक पत्ता हाच काय तो परवलीचा शब्द, आणि तो गुपित नसतो. त्याच नेटवर्कवरचं प्रत्येक यंत्र ज्या शेजाऱ्यांशी बोलतं, त्यांचे पत्ते काही काळ एका तक्त्यात टिपून ठेवतं. त्या तक्त्याचं नाव एआरपी.

‘रयूक’ या खंडणीखोर व्हायरसने नेमकं हेच हेरलं. 2020च्या सुरुवातीला त्याच्या एका आवृत्तीची चिरफाड झाली, तेव्हा त्याची पद्धत उघड झाली. घुसलेल्या यंत्रावरचा एआरपी तक्ता तो वाचायचा. पत्ता `10.` किंवा `192.168.` अशा खासगी नेटवर्कमधला दिसला, की तिकडे मॅजिक पॅकेट सोडायचा. यंत्र उठलं, की त्याची सी ड्राइव्ह प्रशासकाच्या वाटेने जोडून घ्यायची आणि फायली कुलूपबंद करायच्या. म्हणजे कर्मचारी बंद करून घरी गेले ती यंत्रंही त्याच्या तावडीत यायची. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी: वेक ऑन लॅन कुणाला फायली उघडून देत नाही. त्यासाठी प्रशासकाचे अधिकार आधीच चोरलेले असावे लागतात. पण बंद यंत्राला जे आपोआप संरक्षण मिळतं, ते या सोयीमुळे जातं.

दुसरी सोय याहून खोलात दडलेली आहे. विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्याआधी जे फर्मवेअर चालतं, त्यात नेटवर्कशी बोलणारी स्वतःची छोटी यंत्रणा असते. डिस्क कोरी असली तरी सर्व्हरवरून सिस्टिम चढवता यावी, म्हणून ती ठेवलेली. या पद्धतीचं नाव पीएक्सई. जानेवारी 2024मध्ये क्वार्क्सलॅब या फ्रेंच कंपनीने तिच्यातल्या नऊ त्रुटी ‘पिक्सीफेल’ या नावाने जाहीर केल्या. ज्या मूळ कोडमध्ये त्या होत्या, तो एएमआय, इनसाइड आणि फीनिक्स यांच्या फर्मवेअरमध्येही वापरलेला होता.

त्यातली एक पाहू. यंत्र नेटवर्कवर विचारतं, ‘मला आयपीव्ही6 पत्ता कोण देईल?’ उत्तर देणारा सर्व्हर सोबत आपली ओळख पाठवतो. ती ओळख किती लांब आहे हे न मोजताच फर्मवेअर ती ठरावीक जागेत भरायचं. कुणी मुद्दाम लांबलचक ओळख पाठवली, तर ती ओसंडून शेजारची मेमरी पुसते आणि तिथे हल्लेखोराचा कोड चालू शकतो. त्या क्षणी अँटिव्हायरस सुरूच झालेला नसतो.

हल्लेखोर त्याच नेटवर्कवर असावा लागतो. त्यामुळे एकट्या घरातल्या राउटरमागे धोका कमी. वसतिगृहात, सामायिक ऑफिसात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये तो खरा. यंत्र सुरू होताना पडद्यावर `>>Start PXE over IPv4` अशी ओळ दिसून काही सेकंद वाया जात असतील, तर ही यंत्रणा चालू आहे, हे नक्की.

घरच्या वापराला सहसा दोन्हींची गरज नसते. सुरू होताना `Del` किंवा `F2` दाबून सेटिंगमध्ये शिरावं आणि `Network Stack` बंद करावं. इंटरनेटला त्याने काहीही होत नाही, कारण विंडोज किंवा लिनक्स स्वतःचा ड्रायव्हर वापरतं. वेक ऑन लॅन कुठे त्याच नावाने असतं, तर कुठे `Power On By PCI-E` या नावाखाली दडलेलं. लिनक्सवर कार्डाची स्थिती अशी दिसते (कार्डाचं नाव आपापलं घालावं):

```
sudo ethtool enp3s0 | grep Wake-on
```

`Wake-on: g` म्हणजे कार्ड मॅजिक पॅकेटची वाट पाहतं आहे, `d` म्हणजे बंद. बाहेरगावाहून घरचा संगणक उठवून वापरणाऱ्याला अर्थात ही सोय ठेवावीच लागेल. त्याने निदान `Network Stack` तरी बंद करावं. बायॉसचा अपडेट घातल्यावर किंवा बोर्डावरचा सेल बदलल्यावर ही सेटिंग पुष्कळदा मूळपदावर येतात, तेव्हा त्या दिवशी ती पुन्हा तपासावी लागतात.