पासवर्ड बरोबर, तरी मेल बंद

जीमेलच्या खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केली की मेलची काही ठिकाणे सुरळीत चालू राहतात आणि काही ठिकाणे अचानक बंद पडतात. ब्राउझरमध्ये मेल उघडतो. फोनवरचे जीमेल ॲप एकदा ओळख पटवून घेते आणि पुन्हा त्रास देत नाही. पण संगणकावर वर्षानुवर्षे चालत आलेले जुने आउटलुक पासवर्ड मागू लागते. पासवर्ड टाकून ओके केले की तीच चौकट पुन्हा समोर येते. अक्षरे एकेक करून नीट टाकली, कॅप्स लॉक तपासला, तरी तेच. अशा वेळी पासवर्ड विसरला असावा असे वाटून बरेच जण तो बदलतात. त्याने काहीच साधत नाही, कारण नवा पासवर्डही तिथे तितकाच निरुपयोगी ठरतो.

खरे तर टाकलेला पासवर्ड बरोबर असतो. जीमेलचा सर्व्हर तसे सांगतोही, फक्त ते उत्तर सगळी ॲप्स वापरणाऱ्याला दाखवत नाहीत. ॲप आणि सर्व्हर यांच्यातला संवाद पडद्यावर आणला तर तो साधारण असा दिसतो:

```
a1 LOGIN "name@gmail.com" "नेहमीचा-पासवर्ड"
a1 NO [ALERT] Application-specific password required: https://support.google.com/accounts/answer/185833 (Failure)
```

पहिली ओळ ॲपची, दुसरी सर्व्हरची. पासवर्ड खरोखरच चुकलेला असता तर `Invalid credentials` असे उत्तर आले असते. इथे मात्र सर्व्हर म्हणतो की या दारातून आत यायला ॲपसाठीचा वेगळा पासवर्ड लागेल. मेल पाठवताना हाच नकार `534-5.7.9` या आकड्याने सुरू होणाऱ्या संदेशातून येतो. हे शब्द पडद्यावर किंवा यंत्राच्या नोंदींत कुठेही दिसले तर निदान तिथेच झाले, पुढे शोधाशोध करायची गरज नाही.

नकाराचे कारण वरच्या पहिल्या ओळीतच दडलेले आहे. मेलची ॲप्स येणाऱ्या मेलसाठी आयमॅप आणि जाणाऱ्या मेलसाठी एसएमटीपी या ठरलेल्या पद्धतींनी सर्व्हरशी बोलतात. आयमॅपची मूळ आखणी मार्क क्रिस्पिन यांनी 1986 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केली आणि एसएमटीपी त्याहून जुनी आहे. त्या काळात ओळख पटवणे म्हणजे नाव आणि पासवर्ड सांगणे, एवढेच होते. `LOGIN` या आज्ञेत या दोनच गोष्टींना जागा आहे. 'आता फोनवर आलेला सहा आकडी कोड सांगा' असे विचारायची सोय तिथे नाही, आणि विचारले तरी जुन्या ॲपकडे तो कोड टाकायला चौकट नाही. शिवाय ॲप दर काही मिनिटांनी, माणूस समोर नसतानाही, मेल आला का हे पाहायला जाते. दर वेळी कोड देणार कोण? नुसत्या पासवर्डवर आत सोडायचे तर दुसरा टप्पा नावापुरताच उरेल. म्हणून सर्व्हर नेहमीचा पासवर्ड या वाटेने स्वीकारतच नाही.

यातून काढलेली वाट म्हणजे ॲप पासवर्ड. गूगल स्वतः इंग्रजी लहान लिपीतली 16 अक्षरे यादृच्छिकपणे निवडून देते आणि ॲपमध्ये नेहमीच्या पासवर्डच्या जागी ती टाकायची असतात. फोनवरचा कोड हा पासवर्ड तयार करतानाच कधीतरी दिलेला असतो, म्हणून नंतर ॲपला तो विचारला जात नाही. पासवर्ड माणसाने ठरवलेला नसल्यामुळे त्यात जन्मतारीख, गाडीचा नंबर किंवा दुसऱ्या संकेतस्थळावर वापरलेले शब्द येत नाहीत. पाठ करण्याची तर गरजच नसते. तो एकदा ॲपमध्ये जाऊन बसला की काम झाले.

एखाद्या छोट्या कर सल्लागाराच्या कार्यालयाचे उदाहरण घेता येईल. एकच जीमेल खाते तिथे तीन ठिकाणी चालते: मालकाच्या फोनवर, टेबलावरच्या संगणकातल्या आउटलुक 2013 मध्ये, आणि कोपऱ्यातल्या प्रिंटर-स्कॅनरमध्ये. हा स्कॅनर कागद स्कॅन करून थेट ग्राहकाला मेल करतो. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू झाल्यावर फोन चालतो, बाकीचे दोन्ही थांबतात. आउटलुक निदान पासवर्ड विचारून बोभाटा करते. स्कॅनर मात्र 'पाठवता आले नाही' एवढेच सांगून गप्प बसतो, आणि दोष इंटरनेटवर जातो.

अशा वेळी ब्राउझरमध्ये त्या खात्यात जाऊन `myaccount.google.com/apppasswords` हा पत्ता उघडावा. सुरक्षेच्या पानावरून हा दुवा शोधत बसण्यापेक्षा पत्ता थेट टाकणे सोपे. तिथे बहुधा खात्याचा पासवर्ड पुन्हा मागितला जातो. मग ॲपला एक नाव द्यायचे असते. हे नाव फक्त आपल्या ओळखीसाठी असते, गूगल त्यावरून काही ठरवत नाही. म्हणून 'मेल' असे मोघम नाव देण्यापेक्षा 'टेबलावरचे आउटलुक' असे नेमके नाव द्यावे. `Create` दाबले की चार-चारच्या चार गटांत 16 अक्षरे दिसतात. ती एकदाच दिसतात. चौकट बंद केली की पुन्हा पाहता येत नाहीत, पण त्यात घाबरण्यासारखे काही नाही, तो पासवर्ड काढून दुसरा तयार करता येतो. स्कॅनरसाठी याच पद्धतीने वेगळा पासवर्ड घ्यावा. एकच पासवर्ड दोन्हीकडे चालतो खरा, पण पुढे एकच यंत्र तोडायची वेळ आली की वेगळेपणा उपयोगी पडतो.

आउटलुकमध्ये खात्याच्या सेटिंगमध्ये जुना पासवर्ड पुसून तिथे ही 16 अक्षरे टाकायची. वापरकर्ता म्हणून पूर्ण ईमेल पत्ता, येणाऱ्या मेलसाठी सर्व्हर `imap.gmail.com` आणि पोर्ट 993, जाणाऱ्या मेलसाठी `smtp.gmail.com` आणि पोर्ट 465 किंवा 587, हे आधीचेच राहते. स्कॅनरला मेल फक्त पाठवायचा असतो, त्यामुळे तिथे एसएमटीपीचाच भाग भरावा लागतो. गटांमधल्या मोकळ्या जागा पासवर्डाचा भाग नाहीत, वाचायला सोपे जावे म्हणून त्या दाखवलेल्या असतात. सलग लिहिणेच बरे, विशेषतः स्कॅनरच्या छोट्या पडद्यावर.

एवढे करूनही अडलेच तर कारणे सहसा दोन-तीनच निघतात. मेल येतात पण जात नाहीत, असे झाले तर पासवर्ड येणाऱ्या मेलच्या जागी बदलला आणि जाणाऱ्या मेलच्या जागी जुनाच राहिला, असे समजावे. काही ॲप्स हे दोन्ही वेगळे साठवतात. पासवर्ड बदलूनही चौकट येतच राहिली तर विंडोजने जुना पासवर्ड आपल्याकडे जपून ठेवलेला असू शकतो. कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून ती नोंद काढली की प्रश्न सुटतो. आणि काही महिने सगळे नीट चालून एके दिवशी आउटलुक आणि स्कॅनर एकदमच थांबले, तर खात्याचा मुख्य पासवर्ड नुकताच कोणी बदलला का, हे आधी विचारावे. मुख्य पासवर्ड बदलला की गूगल सगळे ॲप पासवर्ड रद्द करते. हा नियम मुद्दाम ठेवलेला आहे, कारण खाते चोराच्या हाती गेल्याच्या संशयाने पासवर्ड बदलला असेल, तर त्याने करून ठेवलेल्या मागच्या वाटाही बंद व्हायला हव्यात. ॲपलच्या आयक्लाउड मेलचाही हाच नियम आहे. तिथे अक्षरांच्या गटांत आडव्या रेघा असतात आणि एका वेळी जास्तीत जास्त 25 ॲप पासवर्ड ठेवता येतात.

कधी कधी ते पान 'ही सोय तुमच्या खात्याला उपलब्ध नाही' असे सांगते. दोन टप्प्यांची पडताळणी मुळात सुरूच नसेल तर ते स्वाभाविक आहे. कंपनी किंवा महाविद्यालयाच्या खात्यात व्यवस्थापकाने ही सोय बंद ठेवलेली असू शकते. पडताळणीसाठी केवळ सिक्युरिटी की वापरायची असे ठरवले असेल, किंवा पत्रकार आणि कार्यकर्त्यांसारख्यांसाठी असलेले प्रगत संरक्षण घेतले असेल, तरी ॲप पासवर्ड मिळत नाही. मायक्रोसॉफ्टने तर ही वाटच बंद केली. सप्टेंबर 2024 पासून आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांवर पासवर्डाने चालणारी जुनी पद्धत थांबली आणि तिच्यासोबत तिथले ॲप पासवर्डही मेलसाठी निकामी झाले.

नवी पद्धत ओऑथ या नावाने ओळखली जाते. यात ॲप पासवर्ड मागतच नाही, गूगलचे किंवा मायक्रोसॉफ्टचे प्रवेशपान उघडते. पासवर्ड आणि कोड तिथे दिले जातात आणि ॲपला फक्त एक परवाना मिळतो. थंडरबर्डच्या आजच्या आवृत्त्या आणि आयफोनचे मेल ॲप जीमेलसाठी अशाच चालतात. ॲपमध्ये 'गूगलने साइन इन' असा पर्याय दिसत असेल तर ॲप पासवर्डाच्या भानगडीत पडू नये. जुने आउटलुक, स्कॅनर आणि सर्व्हरवरून आपोआप मेल पाठवणाऱ्या छोट्या प्रणाली यांना तो पर्याय नसतो, म्हणून ॲप पासवर्ड तिथेच वापरावा.

कारण त्याची उणीवही मोठी आहे. तो ज्याच्या हाती पडेल त्याला दुसऱ्या टप्प्याशिवाय मेल वाचता येतो आणि पाठवता येतो. सुरुवातीला स्थिती याहून वाईट होती. ॲप पासवर्ड वापरून खात्याच्या सेटिंगपर्यंत पोहोचून दोन टप्प्यांची पडताळणीच बंद करता येते, हे ड्युओ सिक्युरिटी या कंपनीच्या संशोधकांनी दाखवले, आणि फेब्रुवारी 2013 मध्ये गूगलने ती वाट बुजवली. मेलचा दरवाजा मात्र उघडाच राहिला, कारण ॲप पासवर्ड असतोच त्यासाठी. 2025 मध्ये ब्रिटनमधील रशियाविषयक अभ्यासक कीर जाइल्स यांना अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्याच्या नावाने मेल आले. घाई नाही, धमकी नाही, सविस्तर आणि सभ्य पत्रव्यवहार. पुढे एका पीडीएफमध्ये सरकारी व्यासपीठावर सामील होण्याच्या सूचना आल्या, आणि त्यांत ॲप पासवर्ड तयार करून कळवण्याची पायरी होती. जाइल्स यांनी तसे केले आणि त्यांचा मेल उघडा पडला. टोरांटोच्या सिटिझन लॅबने हा प्रकार जूनमध्ये तपशीलवार मांडला. ही 16 अक्षरे आपल्याच ॲपमध्ये किंवा यंत्रात टाकण्यासाठी असतात. ती कोणाला मेलने, फोनवर किंवा फॉर्ममध्ये कळवायची वेळ कोणत्याही खऱ्या कामात येत नाही.

नवा ॲप पासवर्ड तयार झाला की गूगल सूचनेचा मेल पाठवते. आपण काही केलेले नसताना असा मेल आला तर वरच्याच पत्त्यावर जाऊन यादी पाहावी, अनोळखी नावासमोरचे कचरापेटीचे चिन्ह दाबून तो पासवर्ड रद्द करावा आणि मुख्य पासवर्ड बदलावा. कार्यालयातला जुना स्कॅनर विकताना किंवा भंगारात देतानाही त्याच्या नावाचा पासवर्ड तिथूनच काढायचा. बाकीच्या यंत्रांवर त्याचा काही परिणाम होत नाही.