आधी मान्य करा, मग खोडा

देल्फ बी-टू या फ्रेंच परीक्षेत लेखनाला एक तास मिळतो आणि किमान 250 शब्द लिहावे लागतात. विषय साधारण असा असतो: शहराच्या मध्यभागात रविवारी गाड्यांना बंदी घालावी, असं महापौरांना पत्रातून पटवून द्या. असं लेखन तपासणाऱ्याला उमेदवाराची बाजू तर कळायला हवीच, शिवाय विरोधी मताचा त्याने विचार केलाय हेही दिसायला हवं. त्यासाठी फ्रेंचमध्ये सर्वांत उपयोगी जोडी म्हणजे ‘सेर्त… मे’. सेर्त म्हणजे ‘खरं आहे’, मे म्हणजे ‘पण’.

समजा, बंदीच्या बाजूने लिहायचं आहे. दुकानदारांना गिऱ्हाईक कमी होण्याची भीती आहे, हे सेर्तने मान्य करायचं आणि लगेच मे लिहून सांगायचं, की पायी फिरणारा माणूस दुकानाच्या काचेसमोर जास्त सहज थांबतो. वाक्याचा भार मेनंतरच्या भागावर पडतो, म्हणून आपला मुद्दा तिथेच हवा. क्रम उलटा झाला, तर पत्र दुकानदारांच्या बाजूने लिहिल्यासारखं वाटतं.

सवलत द्यायचे आणखी तीन मार्ग आहेत आणि खरी गफलत इथेच होते. ‘गाडी उपयोगी असली तरी’ असं म्हणायला ‘बियँ क’ वापरलं, तर पुढचं क्रियापद सब्जाँक्टिफ रूपात जातं: बियँ क ला व्वात्यूर स्वा यूतिल. ‘मेम सी’ घेतलं, तर साधं रूप पुरतं: मेम सी ला व्वात्यूर ए यूतिल. ‘माल्ग्रे’च्या मागोमाग मात्र नाम येतं, म्हणजे ‘गाडीची उपयुक्तता असूनही’ अशी रचना करावी लागते. बोलताना ‘माल्ग्रे क’ ऐकू येतं, पण परीक्षेत ते टाळावं.

मराठी विद्यार्थ्यासाठी आणखी एक सापळा आहे. आपल्याकडे ‘जरी’च्या जोडीला ‘तरी’ येतंच, त्यामुळे बियँ कने सुरू केलेल्या वाक्याच्या दुसऱ्या भागात हात आपसूक ‘मे’ लिहून जातो. फ्रेंचला तो जादा शब्द नको असतो.

विरोध दाखवतानाही निवड करावी लागते. बस स्वस्त आहे, उलट पार्किंग महाग आहे, अशी दोन गोष्टींची तुलना असेल तर ‘आँ रव्हाँश’. बस स्वस्त आहे, तरी ती रिकामी धावते, म्हणजे अपेक्षेविरुद्ध घडतंय, तर ‘पुर्ताँ’. दोन्हींच्या जागी मराठीत ‘पण’ चालून जातं, म्हणून लिहिण्याआधी त्या ‘पण’च्या जागी ‘उलट’ बसतं की ‘तरी’, हे तपासावं.

पत्राचा आराखडा सरळ ठेवावा: प्रस्तावनेत प्रश्न आणि आपली बाजू, मग दोन मुद्दे, प्रत्येकाला एक उदाहरण. सवलतीचा परिच्छेद शेवटी टाकू नये, कारण निष्कर्षाच्या तोंडावर विरोधकांना मान्यता दिली की मागणी डळमळते. ती पहिल्या मुद्द्यात उरकावी आणि शेवटची पाच मिनिटं प्रत्येक बियँ कपुढचं क्रियापद तपासायला राखून ठेवावीत.