प्रत्येक गटात घट, तरी एकूण आकडा वर कसा?

समजा, लोणावळ्यातले बंगले भाड्याने देणारी एक वेबसाइट आहे. मे महिन्यात जाहिरात पाहून आलेल्या ८,००० जणांपैकी २ टक्के, म्हणजे १६० जणांनी बुकिंग केले. २,००० जुन्या ग्राहकांपैकी १० टक्के, म्हणजे २०० जणांनी केले. एकूण प्रमाण ३.६ टक्के.

जुलैत जाहिराती कमी केल्या. जाहिरातीवरून ४,००० जण आले, त्यांच्यातले प्रमाण १.५ टक्क्यांवर घसरले. पावसाळी सहलीसाठी जुने ग्राहक मात्र ६,००० आले, त्यांचे प्रमाणही ८ टक्क्यांवर उतरले. तरी एकूण बुकिंग ६० अधिक ४८०, म्हणजे ५४० झाले. डॅशबोर्डवर आकडा दिसला ५.४ टक्के!

वाढ खरी आहे, पण ती गटांचे वजन बदलल्यामुळे झाली. सहज बुकिंग करणारे जुने ग्राहक पाचात एक होते, ते पाचात तीन झाले. संख्याशास्त्रात याला ‘सिम्पसनचा विरोधाभास’ म्हणतात. एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ मध्ये यावर लिहिले होते.

तो ओळखायचा कसा? जुलैचे दर मे महिन्यातल्या गटांच्या वाट्याला लावून पाहा: १.५ चे ८० टक्के आणि ८ चे २० टक्के मिळून २.८ टक्के येतात. म्हणजे ग्राहकांचे मिश्रण तेच राहिले असते, तर ३.६ टक्क्यांवरून घसरण दिसली असती. वेबसाइटमध्ये काय बिघडले, हे शोधायला हाच आकडा उपयोगी.